हृदयाचा धडा : नावं पाठ होतात, रस्ता सापडत नाही

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आठवीच्या चाचणीत हृदयाच्या आकृतीला नावं द्या असा प्रश्न होता. एकोणतीसपैकी चोवीस पोरांनी सगळी नावं बरोबर लिहिली आणि मी खूश झालो. त्याच आठवड्यात एका मुलीची आजी दवाखान्यात भरती होती. पोरीनं सहज विचारलं, "सर, सलाईन त हाताले लावते. मंग औषध डोक्यापर्यंत कोठून जाते?" मी प्रश्न वर्गापुढे टाकला. हातातून खांद्यात, खांद्यातून मानेत आणि तिथून सरळ वर, असं सगळ्यांचं एकमत झालं. पैकीच्या पैकी मिळवलेल्या त्या चोवीस जणांनीही हृदयाचं नाव घेतलं नाही.

तेव्हापासून हा धडा मी दुसऱ्या पद्धतीनं घेतो. नुकतेच रुजू झालेले शिक्षणसेवक दरवर्षी विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. साहित्य म्हणून लाल-निळे खडू, मैदान आखायची फक्की, पुठ्ठा, एक पोतं, एक नरसाळं आणि गवंड्याकडची लेव्हलची नळी एवढंच लागतं. दोन तासिका आणि वर अर्धी तासिका धरा. अंगणातला भाग उन्हाळ्यात सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला उरका, नंतर फरशीवर पाय ठेववत नाही.

आधी नावांचं ठरवून घ्या

एकाच कप्प्याला एका पुस्तकात अलिंद म्हणतात, जुन्या पुस्तकात कर्णिका. खालच्या कप्प्याला कुणी निलय म्हणतं, कुणी जवनिका. धमनीला रोहिणी, शिरेला नीला. तुमच्या हातातल्या पुस्तकात जी जोडी असेल तीच फळ्यावर लिहा आणि दुसरी पोरांच्या कानावरही पडू देऊ नका, निदान या दोन दिवसांत तरी. मी अलिंद, निलय, धमनी आणि शिरा हे शब्द धरतो.

त्याला एक कारण आहे. धमनी आणि शिरा यांतला फरक मराठीतच बसलेला आहे: धमनी धाडते, शिरा शिरते. हृदयातून रक्त बाहेर धाडणारी ती धमनी, हृदयात शिरणारी ती शिरा. ही काही व्युत्पत्ती नव्हे, लक्षात ठेवायची युक्ती आहे. पण पुढचा निम्मा गोंधळ तिच्यामुळे वाचतो. 'शिर' म्हणजे डोकं, म्हणून शिरा डोक्याकडे जात असतील, असं एखादं हुशार पोरगं म्हणतंच. त्याला तिथंच थांबवा.

आणखी एक शब्द आधीच मोकळा करून टाका, तो म्हणजे काळीज. काळीज धडधडते, काळजाचं पाणी झालं, असं आपण हृदयाबद्दल बोलतो. मटणाच्या दुकानात मात्र कलेजी मागितली की यकृत मिळतं, आणि हृदयाला तिथं 'दिल' म्हणतात. ज्या घरी मटण होतं तिथली पोरं कलेजी डोळ्यांसमोर आणून बसतात आणि विचारतात, त्यात तर कप्पे नसतात, मग हे चार कप्पे कुठून आले? त्यांचा प्रश्न रास्त आहे, फक्त अवयव दुसरा आहे.

फळ्यावरची आकृती : तयार तक्ता भिंतीवरच राहू द्या

छापील तक्त्यावर सगळं एकदम दिसतं, म्हणून काहीच दिसत नाही. आकृती पोरांसमोर टप्प्याटप्प्यानं वाढू द्या, आणि प्रत्येक टप्प्यावर वहीतही तेवढीच येऊ द्या.

पहिल्या टप्प्यात फक्त एक मोठा चौकोन काढा, मधोमध उभी जाड रेघ आणि मग आडवी रेघ. चार खोल्यांचं घर झालं. उभी भिंत बंद असते, तिच्यातून ये-जा नाही. आडव्या भिंतीत दोन दारं आहेत, डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला एक. वरच्या खोल्या म्हणजे अलिंदं, खालच्या म्हणजे निलये. आकृतीत मात्र अजून एकाही खोलीला नाव देऊ नका.

दुसऱ्या टप्प्यात भिंतींची जाडी. वरच्या खोल्यांच्या भिंती पातळ, कारण त्यांना रक्त फक्त खालच्या मजल्यावर ढकलायचं असतं. खालच्या दोन्हींपैकी एका निलयाची भिंत दुसऱ्याच्या साधारण तिप्पट जाड काढा, आणि का ते सांगू नका. पोरांना विचारा, एका खोलीतून रक्त शेजारच्या फुप्फुसात जातं आणि दुसरीतून पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, तर जाड भिंत कुणाची? हे उत्तर त्यांना येतं. विहिरीवरची मोटार बांधाजवळच्या वावराला आणि टेकडीवरच्या वावराला एकाच ताकदीची चालत नाही, हे त्यांना घरून माहीत असतं.

इथं डावं-उजवं करावंच लागतं, आणि हा धडा सगळ्यात जास्त इथंच घसरतो. जाड भिंत डाव्या निलयाची. आकृतीत ते डावं निलय मात्र पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं. पहिल्या वर्षी मी नुसतं सांगितलं होतं, "चित्रात उलटं असते." एका पोरानं वहीत चारही नावं खरोखरच उलटी लिहिली, म्हणजे अलिंदं खाली आणि निलये वर. चूक माझीच होती, उलटं हा शब्दच चुकीचा.

आता मी असं करतो. ताटाएवढ्या कागदावर तीच चार खोल्यांची आकृती काढतो आणि एका पोराच्या शर्टावर छातीशी टाचणीनं लावतो. तो वर्गाकडे तोंड करून उभा राहतो आणि डावा हात वर करतो. जाड भिंतीची खोली त्याच्या वर केलेल्या हाताच्या बाजूला असते, आणि तीच बाकावरच्या पोरांच्या उजवीकडे दिसते. मग त्याला पाठमोरा करून बसलेल्यांना डावा हात वर करायला सांगतो, म्हणजे सगळ्यांचे हात एकाच बाजूला येतात. एवढं झालं की 'चित्र समोरच्या माणसाचं आहे' हे एक वाक्य पुरतं. तो पोरगा उभा आहे तोवर त्याच्या छातीवरच्या कागदाची जागाही ठीक करून घ्या. हृदय पार डाव्या खांद्याखाली नसतं. ते छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या मागे असतं आणि त्याचं टोक डावीकडे कललेलं असतं.

तिसऱ्या टप्प्यात नळ्या. वरून आणि खालून येणाऱ्या दोन महाशिरा उजव्या अलिंदात शिरतात. फुप्फुसांकडून येणाऱ्या चार फुप्फुस शिरा, प्रत्येक बाजूच्या दोन, डाव्या अलिंदात शिरतात. डाव्या निलयातून महाधमनी वर निघते आणि कमान करून खाली वळते. उजव्या निलयातून फुप्फुस धमनी निघते आणि दोन फाट्यांनी दोन्ही फुप्फुसांकडे जाते. ही सगळ्यात शेवटी काढा, कारण ती महाधमनीच्या पुढून आडवी जाते आणि त्या फुलीपाशी पोरांची नजर हमखास दुसऱ्या नळीवर चढते. फुलीच्या जागी मागची रेघ थोडी पुसून टाकली की वरून कोण आणि खालून कोण ते कळतं.

आता नावं. नावं आकृतीच्या बाहेर लिहा, डावीकडची डावीकडे आणि उजवीकडची उजवीकडे, एकाखाली एक. नावापासूनची रेघ आडवी आणि सरळ असावी, दुसऱ्या रेघेला कापू नये आणि तिचं टोक त्या भागाच्या आत टेकावं. पोरं रेघ बाहेरच सोडतात. मग 'डावे निलय' ची रेघ भिंतीपाशी थांबते, आणि त्यांना पोकळी म्हणायची होती की भिंत, ते कळत नाही. परीक्षक गुण कापतो तो इथं.

रंगाबद्दल एक सूचना. कमी ऑक्सिजनचं रक्त निळ्या खडूनं दाखवण्याची रीत आहे, पण रक्त निळं नसतं. त्याच वेळी विचारा, तपासणीसाठी कोपराच्या आतून रक्त काढताना कोणी पाहिलंय? आपल्याकडे सिकलसेलच्या तपासण्या होतात, त्यामुळे चार-पाच हात वर होतातच. नळीत आलेलं ते रक्त गडद लाल असतं, पिकलेल्या जांभळाच्या रसाकडे झुकणारं. तेच शिरेतलं, कमी ऑक्सिजनचं रक्त. ज्याला सिकलसेल आहे असं पोर वर्गात असेल तर त्याच्याकडे बोट जाणार नाही असं बोला, आणि पुढच्या धावायच्या खेळात त्याला टाळ्या मोजायचं काम द्या.

ड्रमचा हिशोब

अंगणात जायच्या आधी दहा मिनिटं या हिशोबाला द्या. मोठ्या माणसाचं हृदय आरामात असताना मिनिटाला साधारण 72 ठोके देतं, आणि प्रत्येक ठोक्याला डावं निलय जवळजवळ 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. गुणाकार पोरांना करू द्या: 5040 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. तासाला तीनशे लिटर. फवारणीचा दोनशे लिटरचा ड्रम यांनी पाहिलेला असतो, तसे दीड ड्रम एका तासात.

आता सांगा की माणसाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं. मग गप्प बसा.

एखादं पोरगं म्हणतंच, "मंग बाकीचं रगत येते कोठून?" आमच्या वर्गात एकानं उत्तर दिलं होतं, जेवणातून. त्याला हसू नका. युरोपातले वैद्य शेकडो वर्षं जवळपास हेच मानत होते, की अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि अंगात जिरून जातं. इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं असाच हिशोब मांडला आणि दाखवलं की एवढं रक्त कुणाच्याही खाण्यातून तयार होऊ शकत नाही, तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. त्याचं पुस्तक 1628 सालचं. धमनीतून शिरेत रक्त नेमकं कुठून जातं ते मात्र त्याला दिसलं नाही. त्या बारीक केशिका 1661 मध्ये इटलीच्या मालपिघी यानं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. हार्वे त्याआधी चार वर्षं वारला होता.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. पाच लिटर रक्त आणि मिनिटाला पाच लिटरचा पंप, म्हणजे आरामात बसलेल्या माणसात एका थेंबाला पूर्ण फेरा मारायला सरासरी एक मिनिट लागतं. जवळच्या वाटेचा थेंब लवकर परततो, पायाकडचा उशिरा. हे मिनिट अंगणात कामी येणार आहे.

अंगणातलं हृदय

फक्कीनं आखलेलं हृदय किमान दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद असावं. लहान आखलं तर पोरं एकमेकांवर आदळतात आणि खेळ तिथंच संपतो. कल्पना अशी की अंगणात एक राक्षस उताणा झोपला आहे. त्याच्या डोक्याच्या जागी एक टोपी ठेवा, पायाच्या जागी चपलेची जोडी. आपण त्याच्या पायाशी उभे राहून पाहतो, म्हणून त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे. वर्गातला शर्टावरचा कागद इथं उपयोगी पडतो.

हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकेक फुप्फुस आखा. चपलांजवळ एक गोल, तो पायाच्या अंगठ्यातल्या केशिकांचा. टोपीजवळ दुसरा गोल, तो मेंदूचा. नळ्या दोन रेघांमधल्या वाटा म्हणून आखा, एक पोर चालेल इतक्या रुंद. फुप्फुस धमनी आणि महाधमनी जिथं एकमेकींवरून जातात तिथं पोतं अंथरा. पोत्यावर वळायचं नाही, सरळ ओलांडायचं. पोतं नव्हतं तेव्हा निम्मी पोरं उजव्या निलयातून निघून थेट महाधमनीत शिरायची आणि फुप्फुसाला न भेटताच अंगठ्याला पोचायची.

प्रत्येक 'थेंब' पोराच्या हातात पुठ्ठ्याची एक चकती द्या, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी. दोन वेगळ्या चकत्या देऊ नका. आमच्याकडे पूर्वी फुप्फुसापाशी निळी जमा करून लाल घ्यायची असा खेळ होता, आणि पोरांचा समज झाला की फुप्फुसात जुनं रक्त टाकून नवं मिळतं. चकती उलटवली की कळतं, रक्त तेच आहे, त्यातला ऑक्सिजन तेवढा वाढला.

एका थेंबाचा फेरा

पहिल्यांदा एकाच पोराला चालवा, बाकीचे कडेनं बघतील. आपण थेंब धरू डाव्या पायाच्या अंगठ्यातला. तिथं ऑक्सिजन दिला, म्हणून चकती निळी. चालणाऱ्यानं प्रत्येक जागी पोचल्यावर जागेचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

अंगठ्याच्या केशिकांतून तो पायाच्या शिरेत येतो, तिथून खालच्या महाशिरेत, आणि महाशिरेतून उजव्या अलिंदात. पुढे त्रिदली झडप ओलांडून उजव्या निलयात. तिथून झडप ओलांडून फुप्फुस धमनीत, पोत्यावरून सरळ, आणि फुप्फुसात. चकती उलटली, लाल झाली. फुप्फुस शिरेतून डाव्या अलिंदात, द्विदली झडपेतून डाव्या निलयात, पुन्हा एक झडप, मग महाधमनी, तिची कमान, आणि खाली खाली पायापर्यंत. अंगठ्याच्या केशिकांत चकती पुन्हा निळी.

मी हा फेरा घड्याळ लावून चालवतो. शिकलेलं पोर मिनिटाच्या आत परततं. तुमचं हृदय खरोखर एवढ्यातच हे उरकतं, असं सांगितलं की मागच्या रांगेतलेही पुढे येतात.

फुप्फुस धमनीत पाय पडल्यावर एक क्षण थांबवा. हातात चकती निळी, आणि नळीचं नाव धमनी. कुणीतरी ओरडतंच, "सर, धमनीत त लाल पायजे न!" हीच हवी असलेली चूक. आता विचारा, ही नळी हृदयातून धाडते की हृदयात शिरते? धाडते, म्हणून धमनी. नाव रंगावरून पडत नाही, दिशेवरून पडतं. फुप्फुस शिरेत हेच उलट, नाव शिरा आणि चकती लाल. तुम्ही वर्गात 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त' असं आधीच सांगून बसला असाल तर इथं ते मागे घ्यावं लागेल. मला दोन वर्षं घ्यावं लागलं.

दोन पंप, एकच ठोका

एका थेंबाच्या फेऱ्यातून एक गैरसमज नव्यानं तयार होतो, आणि तो तुम्हीच तयार केलेला असतो. पोरांना वाटतं आधी उजवी बाजू पंप करते, मग फुप्फुस, मग डावी बाजू. थेंबाच्या दृष्टीनं ते खरं आहे, हृदयाच्या दृष्टीनं नाही. दोन्ही निलये एकाच वेळी आवळतात.

म्हणून दुसऱ्या फेरीत झडपा उभ्या करा. चार झडपा, प्रत्येकीला दोन पोरं, हातात हात घेऊन दार झालेली. अलिंद-निलयांमधल्या दोन दारांवर चौघं, निलयांतून बाहेर पडायच्या दोन दारांवर चौघं. दार एकाच दिशेला उघडतं, मागे फिरणाऱ्याला वाट नाही. यासाठी हापशीचं उदाहरण द्या. दांडा मारताना पाणी वर येतं, पण खाली परत जात नाही, कारण आत झडपा असतात, आणि एक मिटली की दुसरी उघडते. एखाद्या झडपेत वाळू अडकली की दांडा मारून मारून हात दुखतात आणि पाणी येत नाही. हृदयाची झडप नीट मिटली नाही तर असंच काही रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येतं आणि तेवढं काम फुकट जातं. फरक एवढाच, की हापशीचा दांडा बाहेरून मारावा लागतो आणि निलय स्वतःच आवळतं.

थेंब पोरांना दोन्ही बाजूंना सारखं वाटून द्या, समजा प्रत्येक निलयात दोन. तुम्ही टाळी वाजवा. पहिल्या टाळीला अलिंद-निलयांमधली दारं गच्च मिटतात, बाहेरची दोन्ही उघडतात, आणि दोन्ही निलयांतले थेंब एकदम बाहेर पडतात. उजवीकडचे फुप्फुसाकडे, डावीकडचे महाधमनीत. त्याच वेळी शिरांतले थेंब अलिंदांत येऊन थांबतात. दुसऱ्या टाळीला बाहेरची दारं मिटतात, मधली उघडतात आणि अलिंदांतले थेंब खाली उतरतात. पहिली टाळी 'लब', दुसरी 'डब'. छातीतून ऐकू येणारे दोन आवाज दारं मिटल्याचेच असतात. नरसाळ्याला दीड फूट लेव्हलची नळी जोडा आणि ज्याचं त्यानं आपल्याच छातीवर ठेवून ऐकावं. एकमेकांचं ऐकायला लावू नका, मुली संकोचतात आणि मुलं खिदळतात. पंखा बंद ठेवा.

एकदा हा खेळ बिघडला आणि त्यातून चांगलंच काही हाती लागलं. डावीकडच्या निलयातली पोरं गप्पांत रमली. टाळीला एकच बाहेर पडायचा, उजवीकडून मात्र नेमानं दोन-दोन येत होते. चार-पाच टाळ्यांत फुप्फुसाच्या गोलात गर्दी झाली आणि एक जण ओरडला, "सर, इथी त बसाले जागाच नाई!" मी खेळ तसाच थांबवला आणि विचारलं, खऱ्या माणसात असं झालं तर त्याला काय त्रास होईल? उत्तर आलं, दम लागेल. बरोबर. हृदयाची डावी बाजू कमजोर झाली की रक्त फुप्फुसांकडे तुंबतं, तिथं पाणी साचतं आणि माणसाला आडवं झोपलं की धाप लागते. गावात एखादा म्हातारा माणूस रात्री उठून खाटेवर बसून राहतो, त्याचं हेही एक कारण असू शकतं. आता मी मुद्दाम डावीकडच्या एका पोराच्या कानात सांगून ठेवतो, मधेच ढिला पड.

पाच प्रश्न, सहा मिनिटं

दुसऱ्या दिवशी, वही-पुस्तक मिटून, पाटीवर किंवा चिठोऱ्यावर. गुण लिहायचे नाहीत. उत्तरं लिहून झाल्यावर पोरांनी अंगणात जाऊन स्वतःच चालून तपासायचं. फक्की दव पडूनही दोन-तीन दिवस टिकते.

पहिला प्रश्न: आकृतीत तुझ्या उजव्या हाताला दिसणारा वरचा कप्पा कोणता? उत्तर, डावे अलिंद. 'उजवे अलिंद' लिहिणाऱ्याला शर्टावर कागद लावून उभं करा, समजावत बसू नका. दुसरा: कमी ऑक्सिजनचं रक्त नेणारी धमनी कोणती? फुप्फुस धमनी. 'असं नसतं' असं उत्तर आलं तर पोरगं अजून रंगावरच चाललं आहे.

तिसरा प्रश्न त्या आजीचा. उजव्या हाताच्या शिरेत सलाईन लावलं, औषध मेंदूपर्यंत पोचताना हृदयाचे कोणते कप्पे क्रमानं लागतील, आणि मधे कोणता अवयव? वरची महाशिरा, उजवे अलिंद, उजवे निलय, मग फुप्फुस, मग डावे अलिंद, डावे निलय, महाधमनी आणि तिथून मेंदू. पाटी वाचताना फुप्फुस आहे का ते आधी बघा. चारही कप्पे बरोबर आणि फुप्फुस गायब असेल, तर त्या पोरानं मधल्या बंद भिंतीतून वाट काढलेली असते. त्याला अंगणात त्या भिंतीपाशी उभं करून विचारा, इथून कसा गेलास?

चौथा: पहिल्या टाळीला कोणत्या झडपा मिटल्या? द्विदली आणि त्रिदली, दोन्ही. एकच नाव लिहिलं तर 'आधी उजवी, मग डावी' हा समज अजून गेलेला नाही.

पाचवा मी सगळ्यांना देतो, पण उत्तराची सक्ती करत नाही. दोन्ही निलयांच्या मधल्या भिंतीला छिद्र असेल तर रक्त कोणीकडून कोणीकडे जाईल? भिंतीची जाडी आठवली तर उत्तर निघतं. डावं निलय जास्त जोरानं आवळतं, म्हणून सहसा डावीकडून उजवीकडे. मग फुप्फुसातून नुकतंच आलेलं रक्त पुन्हा फुप्फुसाकडे जातं आणि हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं. हा प्रश्न देण्याआधी वर्ग नीट पाहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन तपासतं, त्यात एखाद्याच्या भावाच्या किंवा बहिणीच्या हृदयात छिद्र सापडलेलं असतं आणि घरी त्याची काळजी चाललेली असते. तशी माहिती असेल तर मी पाचवा प्रश्न वर्गात विचारत नाही. त्या पोराला वाटलंच तर ते मधल्या सुट्टीत स्वतःच येतं, आणि मग आम्ही दोघंच अंगणात जाऊन त्या भिंतीत बोटानं फक्की पुसून एक वाट करतो आणि चकती घेऊन बघतो, कोणीकडे जाते ते.